कालिकतची रोजनिशी, हिजरी ८४६

इतिहासाच्या उपक्रमात विषय मिळाला : 'मध्ययुगातल्या गजबजलेल्या बंदरात आलेल्या परदेशी प्रवाशाची रोजनिशी लिहा.' मी कालिकत घेतलं, म्हणजे आजचं केरळातलं कोझिकोड. साल इ.स. १४४२-४३. ते घेण्याचं कारण सोपं. या एका बंदराबद्दल तीन परक्या माणसांनी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलंय. मोरोक्कोचा इब्न बतूता १३४० च्या दशकात आला, चिनी आरमाराबरोबरचा दुभाष्या मा हुआन १४३३ पर्यंतच्या फेऱ्यांमध्ये, आणि हिरातच्या दरबाराचा वकील अब्दुर रझाक १४४२ मध्ये. खाली लिहिणारा इराणी आखाताच्या तोंडावरच्या होर्मूझ बंदराचा पोरगा, त्याचा मामा, कोया, चेट्टी आणि त्यांचे हिशेब माझ्या कल्पनेतले आहेत. बंदराचे कायदे, जकात, मिऱ्याचा भाव, वजनं, सौद्याची रीत मात्र तेव्हाच्या आणि थोड्या नंतरच्या प्रवाशांच्या लिखाणातून घेतलीत. जेवणात मिरची, बटाटा, काजू शोधू नका. ते अजून समुद्रापलीकडे होते आणि तिखट म्हणजे मुख्यतः मिरं.

२ रज्जब ८४६

ओमानच्या कलहातहून निघून अठरा दिवस झाले आणि आज सकाळी नाखवा ओरडला, "माड!" मी डोलकाठीला धरून उभा राहिलो. जमीन दिसलीच नाही, नुसती हिरवी रेघ दिसली, पाण्यावर कुणी काजळाऐवजी पाल्याचा रस ओढावा तशी. डोंगर पार मागे, ढगात.

मला वाटलं होतं की एवढं नाव असलेल्या बंदराला होर्मूझसारखा आडोसा असेल, धक्का असेल. काही नाही. उघडा किनारा आहे आणि समोर उघड्या समुद्रात तीसेक जहाजं नांगर टाकून डोलतायत. काही आमच्यासारखी शिवलेली, म्हणजे फळीला फळी काथ्याच्या सुंभाने टाचलेली, एक खिळा नाही. माल उतरवायचा तो पडाव नावाच्या होड्यांतून, लाटा फुटतात त्या पट्ट्यातून. नाखवा म्हणाला, "पावसाळ्याचे तीन महिने इथे कुणी फिरकत नाही. वारा जहाज सरळ वाळूवर नेऊन टाकतो. आपण बरोबर वेळेला आलोय."

बरोबर वेळेला म्हणे. दुपारी ढग भरून आले, अशी वीज मी जन्मात पाहिली नव्हती, आणि मग तासभर पाऊस. खलाशी म्हणाले, हा परतीचा पाऊस, रोज दुपारी येणार, महिनाभर असाच. मामाने बजावलेलं आठवलं : 'खजूर ओला झाला तर तू सुद्धा परत येऊ नकोस.'

माझ्या ताब्यातला माल इथेच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. खजुराची ६० पोती. गुलाबपाण्याच्या २४ कुप्या, मोठ्या, गवतात बांधलेल्या. मोती ३०, ते माझ्या कमरेच्या थैलीत. परत न्यायचं फक्त मिरं.

३ रज्जब

आज वाईट झालं.

सकाळी पडाव आले. पडाववाले इथलेच, कमरेला एवढंसं धडपं, अंग तेलाने चमकत होतं. वल्ही मारताना सगळे एका सुरात गातात आणि लाट फुटायच्या आधी एकदम गप्प होतात. मागे उभा असलेला म्हातारा लाटा मोजतो. मोठ्या लाटांचा झुंड जाऊ द्यायचा, मग हाक द्यायची, मग जीव तोडून वल्हवायचं. पहिले चार पडाव असे अलगद वाळूवर चढले. पाचव्याचा म्हातारा चुकला की पोरांनी घाई केली, देव जाणे. पडाव आडवा झाला आणि उलटला. त्यात माझी ११ पोती होती.

मी जहाजावरून पाहत होतो. माणसं सगळी वर आली, पोती लाटांत इकडे तिकडे. किनाऱ्यावर कोळ्यांची पोरं धावत सुटली. मी म्हटलं, गेली. आमच्या बाजूच्या कितीतरी बंदरांत किनाऱ्याला लागलेलं ते राजाचं, नाहीतर हाताला लागलं त्याचं. 'देवाने दिलं' म्हणतात आणि जहाजच्या जहाज लुटतात.

संध्याकाळी मी वाळूवर उतरलो तर जकातीचा एक माणूस छत्री घेऊन बसलेला. ताडाच्या पानाची छत्री, हातभर दांड्याची. त्याच्या पुढ्यात माझी १० पोती ओळीने मांडलेली, पाणी निथळत होतं. त्याने मांडीवर ताडपत्र धरून लोखंडी टोच्याने काहीतरी कोरलं, मग दहा बोटं दाखवली आणि अकरावं नाही म्हणून हात हलवला. चेहऱ्यावर असं ओशाळं की जणू पोतं त्यानेच हरवलंय.

४ रज्जब

अकरावं आलं. दोन कोळी बांबूवर टांगून घेऊन आले, दक्षिणेकडे बरंच लांब लागलं होतं म्हणे. मी त्यांना चार तारे दिले. तारा म्हणजे इथलं चांदीचं नाणं, इतकं बारीक की ओल्या बोटाला चिकटतं. १६ तारे म्हणजे एक पणम्, ते सोन्याचं, पण शुद्ध नव्हे, आणि तेही माशाच्या खवल्याएवढंच. वाऱ्यावर हिशेब करायची सोय नाही.

मला राहायला जागा मिळाली ती बंदरच्या एका कोयाच्या वखारीवर. कोया म्हणजे इथल्या मुसलमान व्यापाऱ्यांतले मानकरी. हा सत्तरीचा असेल, दाढी मेंदीने लाल, कमरेवर उघडा. इथे कोया असो, ब्राह्मण असो, कोळी असो, कमरेवर सगळे उघडेच. पहिल्या दिवशी मला कुठे पाहावं कळेना. आज मीच अंगरखा काढून टाकला, इतका घाम.

रात्री मी कोयाला विचारलं की माझी पोती लोकांनी उचलली कशी नाहीत. तो हसला.

"पोरा, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या आजोबांनी पाहिलेली. तेव्हा चीनची तेरा जहाजं इथे उभी होती. रात्री वादळ आलं आणि त्यातलं एक याच किनाऱ्यावर फुटलं. सकाळी वाळूभर माल आणि मढी. लोक जमले, हात चालायला लागले. तेवढ्यात सामुतिरी स्वतः आला. आमचा राजा. कमरेला पांढरं वस्त्र, डोक्याला छोटंसं पागोटं, पाय अनवाणी. नोकराने डोक्यावर छत्री धरलेली, वाळूत त्याच्यापुढे जाळ पेटवलेला. आणि त्याचे शिपाई माल उचलणाऱ्यांना बडवत होते. मलबारात बाकी सगळीकडे फुटलेलं जहाज सरकारजमा होतं. इथे मालकाला परत. म्हणून तर जग इथे येतं."

"आणि मालक मेला असेल तर?"

"त्याच्या वारसाला. थांबायचं. आम्हाला घाई नाही."

त्या वादळात पश्चिमेकडचा एक प्रवासी वाचला होता म्हणे. शुक्रवारच्या नमाजासाठी किनाऱ्यावर थांबला होता आणि सामान जहाजावर होतं. त्याच्याजवळ फक्त दहा दिनार आणि अंथरायची सतरंजी उरली.

ओल्या पोत्यांतला खजूर मी वखारीच्या अंगणात पसरला. दुपारी पाऊस आलाच. कोयाच्या घरातल्या बायका माझ्याआधी धावल्या.

५ रज्जब, शुक्रवार

जुम्म्याला मशिदीत गेलो. ही मिश्कालची मशीद. मिश्काल नावाचा नाखुदा होता, चीन, यमन आणि फारसपर्यंत त्याची जहाजं जायची, त्याने बांधली. आमच्याकडची कुणी पाहिली तर म्हणेल ही मशीदच नव्हे. घुमट नाही, मिनार नाही. लाकडी खांब, लाकडी छतं एकावर एक चढत गेलेली, पावसासाठी उतरती, आणि शेजारी मोठं तळं. दारं किती ते मोजता मोजता खुत्बा सुरू झाला.

बाहेर पायऱ्यांवर सगळी दुनिया होती. एडनचे, मक्केचे, खंबायतचे, कोरोमंडलचे चेट्टी व्यापारी तळ्यापलीकडे सावलीला. दाभोळचा एक तांडेल भेटला, बहमनी सुलतानाच्या मुलखातला. तो कोकणात माडाच्या पोटी वाढला आणि इथून नारळच घेऊन चाललाय. मी हसलो तर चिडला. "तुला काय कळतं? तिकडे मागणी किती आहे ते बघ." हातवारे करून, अर्ध्या अरबीत, अर्ध्या त्याच्या भाषेत त्याने मला सुंभाचा भाव ऐकवला.

हिरातच्या शाहरुख बादशहाचा वकील पण होता. तो आठवडाभर आमच्या आधी पोचला. घोडा, जरीचे झगे, टोपी असा नजराणा राजासाठी आणलाय. बंदरात बोललं जातंय की राजाने त्याला फारसा भाव दिला नाही. गृहस्थ एवढ्या उकाड्यात पूर्ण पोशाखात घामाने निथळत उभा होता आणि उघड्याबंब गर्दीकडे असा पाहत होता की मला माझा पहिला दिवस आठवला.

कोयाच्या घरी जेवलो. भात, खोबऱ्याच्या रसातला मासा, वर मिऱ्याची जाड भरड. जेवणानंतर विडा. वाटी निळ्या नक्षीची, चिनी. दहा वर्षांपूर्वीपर्यंत चीनच्या बादशहाचं प्रचंड आरमार इथे यायचं, मग एकाएकी बंद झालं, का ते कुणाला कळलं नाही. वाट्या राहिल्या. आणि इथल्या पट्टीच्या खलाशांना अजून 'चिनी बच्चे' म्हणतात, चाचे त्यांच्या वाटेला जात नाहीत.

गाय मात्र कापायची नाही. राजा गोमांस खात नाही, त्याचे मुसलमान अधिकारी डुक्कर खात नाहीत, आणि दोघांनी एकमेकांना वचन दिलंय की तुझं मी पाळतो, माझं तू पाळ. कोयाने हे मला भाव सांगावा तसं सरळ सांगितलं.

९ रज्जब

आज सौदा. हे नीट लिहितो, मामाला दाखवायचंय.

सौद्याचा दिवस आधी ठरवावा लागतो. सकाळी कोयाच्या ओसरीवर राजाचा अधिकारी आला, एक हिशेबनीस, मोठा दलाल (चेट्टी, पोट सुटलेला, कानात जड वाळ्या), आणि मी. आधी माझा माल एकेक करून पाहिला. खजुराची सुकी पोती वेगळी, भिजलेली वेगळी. गुलाबपाण्याच्या कुप्यांतून चेट्टीने कोणतीही एक निवडली, बूच काढलं, तळहातावर दोन थेंब घेऊन चोळले आणि वास घेतला नाही! हात वाऱ्यावर धरून थांबला. खूप वेळाने हुंगला. पाणी घातलेलं गुलाबपाणी आधी दरवळतं आणि मग उडून जातं, हे मला मामाने सांगितलं होतं, पण चेट्टीला कुणी सांगितलं?

मोत्यांना मात्र तोंडाने भाव नाही. चेट्टीने मांडीवर पंचा टाकला आणि माझा हात पंचाखाली घेतला. बोटाचं पेर दाबलं की एक आकडा, दोन बोटं धरली की दुसरा, मूठ म्हणजे आणखी वेगळा. भोवती दहा माणसं बसलेली, सगळे आमच्या चेहऱ्यांकडे पाहतायत, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आपल्याकडच्या मोत्यांच्या बाजारात हे मी लहानपणापासून पाहतोय, पण मामाच्या मागे उभं राहून. आज हात माझा होता. त्याने पहिल्यांदा दाबलं तेव्हा मला हसूच आलं, इतका कमी. मी त्याची बोटं झिडकारली. तासभर असं चाललं. शेवटी १९ मोत्यांचे २७४४ पणम् ठरले. उरलेल्या ११ ला त्याने हात लावला नाही, ते पिवळट आहेत म्हणाला. आहेतच.

मग मिरं. माझ्या मालाच्या बदल्यात १५ बहार मिरं, बहाराला २०० पणम्. बहार हे इथलं मोठं वजन, फरासला लहान : वीस फरासल्यांचा एक बहार. नवं पीक अजून वेलीवर आहे, ते रमजानात मिळेल, पण भाव आज ठरला.

हिशेबनिसाकडे मणी नाहीत, पाटी नाही. तो भिंतीला टेकून पाय पसरून बसतो आणि हातापायाच्या वीस बोटांवर मोजतो. अंगठे हलतात, करंगळ्या वाकतात, डोळे मिटलेले. मी कागदावर तीनदा मांडलं. तीनदा त्याचंच बरोबर निघालं. तिसऱ्यांदा त्याने डावं पाऊल माझ्याकडे करून बोटं हलवली, ती चेष्टा होती.

करार ताडपत्रावर दोनदा कोरला, एक प्रत मला, एक चेट्टीला. मग सगळ्यांनी हात एकात एक घातले आणि दुभाष्याने मोठ्याने सांगितलं : अमुक महिना, अमुक दिवस, सगळ्यांनी हात मिळवलेत. भाव पुढे चढो की पडो, कुणी मागे फिरणार नाही.

मी म्हटलं, बस्स? जामीन नाही, गहाण नाही? कोया म्हणाला, "कशाला? तू पुढच्या वर्षी येणार नाहीस का?"

१३ रज्जब

जकातीची गोष्ट राहिली. चाळिसावा हिस्सा, आणि तोही फक्त विकलेल्या मालावर. न विकलेलं जसंच्या तसं परत न्या, एक तारा द्यायचा नाही. माझ्या शेजारच्या एडनच्या व्यापाऱ्याने गाठोडी रस्त्यावर ठेवलीत, चार दिवस झाले. राखण जकातीचे लोक करतात. तो स्वतः निवांत झोपतो.

वखारीत आज दुसरी गंमत. कोया म्हणाला की हे घर माझं नाही. माझ्या बहिणींचं, पुढे भाच्यांचं. तो रात्री बायकोच्या माहेरी जातो, सकाळी इकडे येतो. आणि राजाचंही तसंच. सामुतिरीच्या गादीवर मुलगा बसत नाही, बहिणीचा मुलगा बसतो. मी कोयाला दोनदा विचारून खात्री केली. भाचा?

भाचा.

मी दिवसभर विचार करत बसलो. हे मामाला लिहावं की न लिहावं.

२१ शाबान

महिनाभर लिहिलं नाही. पाऊस थांबलाय, हवा कोरडी, समुद्र तळ्यासारखा. सुकलेला खजूर पोत्याला ८ पणम् गेला, ४९ पोती, ३९२. भिजलेल्या ११ ला चारच मिळाले, ४४. गुलाबपाण्याच्या १४ कुप्या गेल्या, ३० ने, ४२० झाले. १० पडून आहेत.

या आठवड्यात आणखी एक जहाज होर्मूझहून आलं, मोत्यांनी भरलेलं. भाव कोसळला. माझे १९ मोती आज कुणी निम्म्यात घेणार नाही, आणि चेट्टीने अजून मला निम्मेच पैसे दिले होते. मी त्याच्याकडे गेलो तो पाय जड करून. काय बोलेल हे ठरवूनच गेलो : पोरा, दिवस बदललेत, थोडं कमी कर.

तो काही बोलला नाही. आत गेला, थैली आणली, उरलेले १३७२ पणम् माझ्यापुढे मोजले. नाणी इतकी बारीक की बराच वेळ लागला. मधे एक घरंगळून फटीत गेलं तर त्याने विळीच्या टोकाने ते काढून धुवून ठेवलं.

९ रमजान

नदीने वर गेलो, मिरं पाहायला. होडीत सगळे उपाशी, आणि आजूबाजूला नुसती फळं लगडलेली.

आमच्या बाजारात आजही शपथेवर सांगतात की मिरं आगीत भाजतात म्हणून काळं आणि सुरकुतलेलं होतं. खोटं. मी पाहिलं. वेल फणसावर, आंब्यावर चढलेली, त्याला हिरव्या दाण्यांचे घोस, द्राक्षांसारखे पण बारीक. एखाददुसरा दाणा लाल झाला की घोस तोडायचा. सगळे लाल होईपर्यंत थांबलं तर पाखरं खातात आणि दाणे गळतात. पायांनी तुडवून दाणे सुटे करायचे, चटईवर उन्हात घालायचे, चार-पाच दिवस उलटेपालटे करायचे. ऊनच त्यांना काळं करतं. हिरव्या तीन पोत्यांचं काळं एकच होतं.

आणि इथेच फसवतात. एक दिवस कमी वाळवलं तर वजन जास्त भरतं. जहाजाच्या पोटात मग ते मिरं तापतं, बुरशी धरतं, आणि होर्मूझला पोचेपर्यंत कुजट वास येतो. कोयाने मला शिकवलं ते असं : पोत्यात हात कोपरापर्यंत घाल, मधलं मिरं घे, वरचं नाही. मुठीत हलव. वाळलेलं खडखडतं, ओलं गप्प राहतं. दाताखाली एक दाणा फोड, कट्कन फुटायला हवा. मूठभर पाण्यात टाक, पोचट वर तरंगतं. तळहाताला धूळ लागली तर माती मिसळलीय.

मी १५ बहारांतलं प्रत्येक पोतं असं पाहिलं. दोन परत केली. पाणी पिता येत नव्हतं आणि दाणे फोडून थुंकायचे. ज्याने ही परीक्षा रमजानात ठेवली त्याला माझा सलाम.

१२ रमजान

आता खरी परीक्षा. यंदा पीक भरपूर आलं आणि बाजारात मिरं १८५ ला बहार मिळतंय. मी २०० ला हात दिलेला. १५ बहारांना २२५ पणम् जास्त! रात्री झोप नाही. पहाटे सहरीच्या वेळी कोयापुढे बोलून दाखवलं, की करार ओल्या मिऱ्याचा नव्हता, मी दोन पोती परत केलीत, म्हणजे करार तसा मोडलाच आहे, नाही का?

कोया खजूर खात होता. माझाच, भिजलेल्या पोत्यातला. त्याने बी थुंकली.

"तुझे मोती चेट्टीकडे आहेत ना अजून?"

मी गप्प बसलो. सकाळी जाऊन ३००० मोजले. चेट्टीने परत केलेल्या दोन पोत्यांच्या जागी दोन चांगली आधीच आणून ठेवली होती, वर त्यांची तोंडं उघडी, मला तपासता यावीत म्हणून. मी न तपासता शिवायला सांगितली. मग राहवलं नाही, एकात हात घातला. खडखडलं.

१८ शव्वाल

वारा आता जमिनीकडून वाहतो, आठवडाभरात बरीच जहाजं निघतील. राहिलेल्यांना पुढचा हंगाम.

सकाळी जकातखान्यात शेवटचा हिशेब. तोच छत्रीवाला माणूस. विक्री : खजूर ४३६, गुलाबपाणी ४२०, मोती २७४४, एकूण ३६००. चाळिसावा हिस्सा ९० पणम्. मी ते दिले. मग त्याने माझ्या परत नेण्याच्या मालाकडे पाहिलं : १० कुप्या आणि ११ पिवळे मोती. कुप्या एकेक मोजल्या, मोती मोजायला थैलीतून काढायला लावले आणि पुन्हा थैलीत ठेवले. ताडपत्रावर दहा आणि अकरा लिहिलं, आणि दोन्हींवर टोच्याने आडवी रेघ मारली. काही देणं नाही.

हातात उरले ५१०. त्यातून दलाली, पडाववाले, कोयाचं भाडं जाईल, आणि मामासाठी एक निळी वाटी घेतली, तिची किंमत मी हिशेबात लिहिलेली नाही.

दुपारी मिरं पडावांत चढलं. या वेळी मी स्वतः पाचव्या पडावात बसलो, लाटा मोजणाऱ्या त्याच म्हाताऱ्याच्या पायाशी. पोरांनी गाणं सुरू केलं. लाटांच्या पट्ट्याजवळ ते थांबलं. म्हातारा पुटपुटत होता आणि मीही त्याच्याबरोबर मोजत होतो. माझ्या मोजणीने जायची वेळ झाली तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर पाय ठेवून मला खाली दाबलं, आणखी दोन लाटा जाऊ दिल्या, आणि मग हाक दिली.